एक लिटर पाणी आणि 159 टिपा

गेल्या पावसाळ्यात शाळेच्या वेदर स्टेशननं एका रात्रीत 58 मिलिमीटर पाऊस दाखवला, आणि दोनशे पावलांवरच्या शेतात एका पालकांनी लावलेल्या साध्या मोजपट्टीच्या पर्जन्यमापकात भरला 66. आता आपल्याकडे 24 तासांत 65 मिमीच्या वर गेलं की अतिवृष्टी म्हणतात, त्यामुळे 58 आणि 66 मधला फरक नुसता आकड्यांचा राहत नाही, चावडीवर त्याच्यावरून दिवसभर वाद होतो. सगळ्यांनी अर्थातच साध्या नळकांड्याला चुकीचं ठरवलं, कारण आमच्याकडे स्क्रीन होती.

मी मात्र स्टेशनवरच संशय घेतला. कारण त्यातलं पाऊस मोजणारं टिपिंग बकेटवालं यंत्र आतून फारच साधं असतं. वर नरसाळं, त्याच्या खाली सीसॉसारखी एक पट्टी, पट्टीच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटी वाटी. एक वाटी नरसाळ्याखाली असते, ती भरली की वजनानं खाली आपटते, पाणी सांडतं आणि दुसरी वाटी वर येते. आपटताना पट्टीवरचं लोहचुंबक रीड स्विचच्या समोरून जातं, स्विच क्षणभर जोडला जातो आणि लॉगर, म्हणजे नोंद ठेवणारा डबा, एक टिप मोजतो. बस्स. यंत्राला मिलिमीटर वगैरे काही कळत नाही, त्याला फक्त टक टक कळतं, आणि एका टकचे 0.2 मिमी हे आपणच त्याला सांगून ठेवलेलं असतं.

मग तपासायचं काय, तर एका टकला खरंच 0.2 मिमी पाणी लागतं का. आमच्या नरसाळ्याचा आतला व्यास 200 मिमी, म्हणजे क्षेत्रफळ 314 चौरस सेंटिमीटर. त्यावर 0.2 मिमी, म्हणजे 0.02 सेंटिमीटर पाण्याचा थर पडला तर 6.28 मिली पाणी होतं. म्हणून एक लिटर ओतलं तर 1000 भागिले 6.28, साधारण 159 टिपा यायला पाहिजेत, आणि स्क्रीनवर 31.8 मिमी. तुमचं नरसाळं वेगळं असेल तर तुमचा आकडा वेगळा, पण व्यास काठाच्या आतून मोजा, आणि चारपाच दिशांनी मोजा, कारण प्लास्टिकचा काठ उन्हानं थोडा लंबगोल झालेला असतो. 200 ऐवजी 203 धरला तरी क्षेत्रफळ तीन टक्क्यांनी वाढतं, म्हणजे यंत्र बरोबर असून आपणच चूक काढत बसणार.

पाणी मोजायला आम्ही स्वयंपाकघरातला एक ग्रॅमवाला डिजिटल काटा घेतला. बाटलीवरच्या रेघेवर माझा विश्वास नाही. भरलेली बाटली तोलायची, काम झाल्यावर परत तोलायची, जेवढं वजन कमी झालं तेवढं पाणी गेलं. एक ग्रॅम म्हणजे एक मिली धरा, उन्हाळ्यातल्या कोमट पाण्याला लिटरमागे चार ग्रॅमचा फरक पडतो पण तो एका टिपेपेक्षाही कमी आहे, सोडून द्या.

खरी गंमत पाणी सोडण्यात आहे. तांब्यानं भसाभस ओतलं तर चाचणी वाया, का ते पुढे सांगतो. पाणी हळू आणि एकसारखं यायला हवं. आम्ही मेडिकलमधून सलाईनचा सेट आणला, पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला तापवलेल्या खिळ्यानं भोक पाडून सेटचं टोक त्यात घुसवलं, भोवती एम-सील लावलं, आणि हवा आत जावी म्हणून बाटलीचा तळ कापून ती उलटी टांगली. सेटची चाकवाली क्लिप फिरवली की धार हवी तशी होते. थेंब मोजत बसू नका, एवढ्या वेगाला ते मोजताच येत नाहीत. त्यापेक्षा टिपा ऐका, 22-23 सेकंदांनी एक टक आला की समजा लिटर तासाभरात जाणार, म्हणजे तासाला 32 मिमीचा पाऊस चाललाय. बाटली रिकामी होत येते तशी धार मंदावते, मधेमधे क्लिप जराशी ढिली करायची.

सुरू करण्याआधी नरसाळ्यातली जाळी काढून धुतली. आत वाळलेलं पान, चिमणीची शीट आणि कोळ्याचं जाळं, म्हणजे नेहमीचे पाहुणे. मग एक ग्लास पाणी नुसतंच सोडून सगळं ओलं करून घेतलं, कारण कोरड्या प्लास्टिकला पहिलं थोडं पाणी चिकटून राहतं, आणि नेमकी एक टिप पडली की थांबलो. तिथून मोजणी सुरू. दोन मुलं वहीत पाच-पाचच्या रेघा ओढत होती, लॉगर आपला वेगळा मोजत होता. हे दोन्ही लागतं, कारण कानांनी मोजलेल्या टिपा आणि लॉगरच्या टिपा जुळल्या नाहीत तर दोष वायरिंगचा, वाटीचा नाही. लॉगरनं जास्त मोजलं तर रीड स्विच एका आपटण्यात दोनदा थरथरतोय, मग प्रोग्रॅममध्ये एका टिपेनंतर शंभरेक मिलिसेकंद दुसरी धरायचीच नाही असं सांगावं लागतं. कमी मोजलं तर चुंबक लांब सरकलंय किंवा कनेक्शन सैल आहे.

तासाभरानं वहीत 141, लॉगरवरही 141. हवे होते 159. म्हणजे मोजणी ठीक, आणि वाट्या जरुरीपेक्षा जास्त पाणी घेऊन मग पडतायत, साधारण अकरा टक्के पाऊस गायब. खालून बाहेर आलेलं पाणीही आम्ही बादलीत धरून तोललं होतं, ते लिटरला सात ग्रॅम कमी भरलं, तेवढं भिंतींना चिकटतंच, म्हणजे गळती पण नाही. (हा दिवस एप्रिलमधला, कडक ऊन, आणि स्टेशनच्या रेकॉर्डमध्ये 28.2 मिमी पाऊस. वेळ लिहून ठेवा आणि नंतर ती नोंद खोडा, नाहीतर वर्षाच्या बेरजेत हा पाऊस कायमचा राहतो.)

आता दोन वाट्यांपैकी कोणती चोर? स्पिरिट लेव्हल ठेवून पाहिली, बैठक सरळच होती. ती कलती असती तर एक वाटी लवकर पडली असती आणि दुसरी उशिरा, आणि बेरजेत ते बरंचसं झाकलं गेलं असतं. मग नरसाळं काढलं आणि दहा मिलीच्या सिरिंजनं थेट वाटीत पाणी सोडलं, पाच मिलीनंतर थेंब थेंब, पडेपर्यंत. प्रत्येक बाजूला दहा वेळा. डावी सरासरी 6.2 मिलीला पडत होती, छानच. उजवी 7.8 ला. दोघींची सरासरी 7.0.

उजवी चुकतेय म्हटल्यावर एका हुशार पोरानं लगेच उजवीखालचा स्क्रू फिरवला. दोन्ही बाजूंना खाली असा एकेक स्क्रू असतो, पडलेली वाटी त्याच्यावर टेकते. त्यानं अर्धा फेरा दिला, परत मोजलं, तर उजवी जशीच्या तशी 7.8 आणि चांगली असलेली डावी बिघडली! जरा थांबून सीसॉ डोळ्यांसमोर आणलं की कळतं. उजवी भरत असते तेव्हा ती हवेत असते, आणि टेकलेली असते डावी. म्हणजे उजवी किती उंच उभी राहणार हे डावीखालचा स्क्रू ठरवतो. तो खाली सरकला की डावी जास्त खाली बसते, उजवी जास्त वर जाते, आणि तिला पडायला जास्त पाणी लागतं. आमच्या डावीखालच्या स्क्रूचा लॉकनट सैल झाला होता आणि रोजच्या आपटण्यानं स्क्रू हळूहळू खाली उतरला होता. पोराचा अर्धा फेरा परत घेतला, डावीखालचा स्क्रू पाव-पाव फेरा वर घेत प्रत्येक वेळी सिरिंजनं मोजत गेलो, उजवी 6.2 ला आली तिथे लॉकनट आवळला. आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा, आम्हाला हे दोनदा करावं लागलं.

आता 6.28 ऐवजी 6.2 वर का थांबलो? मगाचा हिशोब बघा, सरासरी 7.0 मिली म्हणजे लिटरला 143 टिपा यायला हव्यात, आल्या 141. दोन टिपांचं पाणी गेलं कुठे, तर वाटी पडताना. वाटी एका क्षणात पालटत नाही, सेकंदाचा थोडा भाग जातो, आणि तेवढ्यात नरसाळ्यातून येणारं पाणी भरलेल्याच वाटीत पडून फुकट सांडतं. पाव सेकंद धरला तर तासाला लिटरच्या वेगाला ते 0.07 मिली, म्हणजे एक टक्का. पण तेच लिटर दहा मिनिटांत सोडलं, म्हणजे तासाला 190 मिमीच्या वेगानं, तर प्रत्येक टिपेला 0.42 मिली फुकट, साडेसहा टक्के. म्हणूनच तांब्या नको. आणि म्हणूनच सिरिंजवर वाटी मुद्दाम किंचित कमी पाण्याला पडणारी ठेवायची, मग नेहमीच्या पावसात हिशोब जुळतो.

दुरुस्तीनंतर सलाईनवरून तासाभरात लिटर सोडलं, 159 टिपा. लगेच क्लिप पूर्ण उघडून, दुसरी बाटली जोडीला लावून दहा मिनिटांत लिटर, 151 टिपा. म्हणजे ढगफुटीसारख्या सरीत आमचं यंत्र अजूनही पाच टक्के कमी दाखवणार आणि स्क्रूनं ते जाणार नाही, कारण ते पाव सेकंदाचं दुखणं आहे. जोराच्या पावसाच्या हिशोबानं स्क्रू लावला तर रिमझिम पावसात यंत्र जास्त दाखवायला लागेल. हे दोन आकडे आम्ही खांबावरच्या डबीत कागदावर लिहून ठेवलेत. आणि एक, ज्यांच्या स्टेशनला असा स्क्रूच नसतो त्यांनी सॉफ्टवेअरमधला 0.2 बदलायचा. आमचे 141 तसेच राहिले असते तर 0.2 गुणिले 159 भागिले 141, म्हणजे 0.226 टाकावं लागलं असतं. स्क्रू पण फिरवायचा आणि आकडा पण बदलायचा असं मात्र करू नका, एकाच चुकीची दोनदा दुरुस्ती होते.

या सगळ्या उपद्व्यापात नरसाळ्याच्या वर काय होतं ते अजिबात तपासलं गेलेलं नाही हेही खरं. वाऱ्यानं थेंब बाजूला उडून गेले, किंवा आंब्याची फांदी वाढून आडवी आली, तर लिटरच्या चाचणीत 159 च येणार आणि पाऊस तरीही कमीच दिसणार. आमच्या शाळेतली ती फांदी जूनच्या आधी तोडायची असं ठरलं होतं, पण तिला कैऱ्या लागल्यात, त्यामुळे मुलं काही ऐकत नाहीत.