ल्युप्रोलाइड रिसेप्टर अडवत नाही, डेगारेलिक्स अडवतं

उजळणीच्या नोट्समध्ये ‘ल्युप्रोलाइड जीएनआरएचचा रिसेप्टर ब्लॉक करून एलएच कमी करतं’ हे वाक्य इतक्यांदा वाचलंय की आता चीड येते. एलएच कमी होतं हे खरं, पण ब्लॉक करून नव्हे. ज्याने हे वाक्य पाठ केलं, तो केस-बेस्ड प्रश्नात हमखास अडकतो.

इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनचं तुम्हाला येतंच, त्यामुळे थोडक्यात. त्यांचे रिसेप्टर पेशीच्या आत असतात, हॉर्मोन बसल्यावर डीएनएवर काम करतात आणि परिणाम दिसायला वेळ लागतो. टॅमॉक्सिफेन स्तनात अँटागोनिस्ट आणि गर्भाशयाच्या अस्तरात अ‍ॅगोनिस्ट. मिफेप्रिस्टोन प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर अडवतं. जीएनआरएचचा रिसेप्टर मात्र पिट्युटरीतल्या गोनॅडोट्रोफ पेशींच्या पडद्यावर असतो आणि जीक्यू प्रोटीनमार्फत कॅल्शियम वाढवून एलएच-एफएसएच बाहेर सोडायला लावतो.

खरी मेख पुढे आहे. हायपोथॅलॅमस जीएनआरएच सलग सोडत नाही. साधारण दर 1 ते 2 तासांनी एकेक झटका देतो. दोन झटक्यांमधल्या विश्रांतीत गोनॅडोट्रोफ पुन्हा प्रतिसाद द्यायला तयार होतात. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन हे सगळे अ‍ॅगोनिस्ट आहेत, म्हणजे रिसेप्टरवर बसून त्याला चालूच करतात. डेपो इंजेक्शनमधून ते महिनाभर अखंड मिळत राहिले की ही विश्रांती संपते. आधी एलएच-एफएसएच उसळतात, यालाच फ्लेअर म्हणतात. मग रिसेप्टर पेशीच्या आत ओढले जातात, त्यांची संख्या घटते, आतली संदेशसाखळी थंडावते आणि एलएच पडतं. दाबून टाकणारी गोष्ट औषध नाही, औषधाचा अखंडपणा आहे. जीएनआरएचच पंपाने झटक्याझटक्याने दिलं, तर हायपोथॅलॅमसमुळे पाळी थांबलेल्या स्त्रीत उलट बीजकोष वाढतात.

डेगारेलिक्स, सेट्रोरेलिक्स, गॅनिरेलिक्स आणि तोंडाने घ्यायचं रेलुगोलिक्स हे अँटागोनिस्ट. ते रिसेप्टरवर बसतात आणि त्याला चालू करत नाहीत. त्यामुळे फ्लेअर नाही, थांबणंही नाही. एलएच काही तासांतच उतरू लागतं.

आता केस बघा. प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात पसरलेला 68 वर्षांचा रुग्ण. त्याला नुसतं ल्युप्रोलाइड दिलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाठदुखी वाढली, पायांतली ताकद कमी झाली, लघवी अडली. टेस्टोस्टेरॉन पहिल्या आठवड्यात वाढलं, मणक्यातली गाठ फुगली, मज्जारज्जू दाबला गेला. टेस्टोस्टेरॉन 50 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली यायला साधारण 3 ते 4 आठवडे लागतात, आणि या रुग्णाकडे तेवढा वेळ नव्हता. म्हणून बायकॅल्युटामाइडसारखं अँटीअँड्रोजेन आधीपासून देतात: टेस्टोस्टेरॉन वाढतंच, पण त्याचा रिसेप्टर अडवलेला असतो. डेगारेलिक्सची पहिली मात्रा 240 मिलिग्रॅम दिली, तर बहुतेकांत 3 दिवसांतच ती पातळी गाठली जाते आणि फ्लेअरसाठी अँटीअँड्रोजेन लागत नाही. मज्जारज्जू धोक्यात असेल तर मी उत्तरात बेधडक अँटागोनिस्टच लिहीन. महिन्याभरानंतरचं टेस्टोस्टेरॉन दोन्हींत सारखंच खाली असतं. म्हणूनच गोंधळ होतो. प्रश्नात ‘पहिल्या आठवड्यात त्रास वाढला’ असं दिसलं की अ‍ॅगोनिस्ट.

सहाव्या जागी कोणतं अमिनो आम्ल बदललं, यावर अर्धं पान घालवू नका. हाडं झिजणं आणि अंगातून वाफा येणं हे दोन्ही गटांत होतं, कारण दोन्हींत इस्ट्रोजेन पडतं. एंडोमेट्रिओसिसमध्ये त्यासाठीच थोडं इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन वरून देतात.

संकल्पना खरोखर कळली की नाही, हे आयव्हीएफच्या प्रश्नात उघड होतं. सेट्रोरेलिक्स रोज 0.25 मिलिग्रॅम देऊन एलएचची अवेळी उसळी थांबवली आहे, आणि आता बीजं पक्व करायला ट्रिगर हवा. इथे अ‍ॅगोनिस्ट चालतं. सेट्रोरेलिक्सने रिसेप्टर नुसता अडवलाय आणि ही अडवणूक स्पर्धात्मक आहे. अ‍ॅगोनिस्ट त्याला बाजूला सारतं आणि शाबूत असलेली पिट्युटरी एलएच सोडते. ही उसळी अल्पजीवी असल्याने ओव्हरी हायपरस्टिम्युलेशनचा धोका एचसीजीपेक्षा कमी राहतो. याउलट लाँग प्रोटोकॉलमध्ये पिट्युटरी आधीच अ‍ॅगोनिस्टने थंडावलेली असते. तिथे अ‍ॅगोनिस्टचा ट्रिगर दिला तर एलएच उसळणारच नाही. एचसीजीच द्यावं लागतं, कारण ते पिट्युटरीला वगळून थेट ओव्हरीतल्या एलएच रिसेप्टरवर काम करतं.