महालक्ष्म्यांच्या सजावटीचा व्हिडिओ: शूटिंगला येण्याआधी हे वाचा

श्रावण लागला की आमच्या लातूरच्या दुकानात एकच मागणी सुरू होते. "दीड मिनिटाचा व्हिडिओ करायचाय. प्लास्टिक नको, केमिकलचे रंग नकोत, घरच्या घरी आरास कशी करायची ते दाखवायचंय. स्क्रिप्ट आम्ही लिहून आणलीये." कुणाला सोसायटीच्या स्पर्धेत पाठवायचा असतो, कुणाला महिला मंडळात दाखवायचा असतो. कामं आम्ही आनंदानं घेतो. पण दहापैकी सात-आठ स्क्रिप्टा बघितल्या की लगेच कळतं, यात लिहिलेलं मखर अजून कुणी केलेलंच नाही.

आमचा सगळा खोळंबा इथंच होतो. शब्द आधी लिहून होतात आणि रंग पहिल्यांदा कालवला जातो तो थेट कॅमेऱ्यासमोर. घरगुती रंग डब्यातल्या रंगासारखा सांगितलं तसा वागत नाही. तो कशावर लावला, त्यात डिंक किती, हवा कशी, यावर सगळं ठरतं. त्यात भादव्याची दमट हवा. गेरूचा हात एरवी तासाभरात वाळतो, झड लागली तर सकाळपर्यंत ओलाच राहतो. मग शूटिंग दुसऱ्या दिवसावर जातं, दुसऱ्या दिवसाचा आकार पडतो आणि ग्राहक नाराज होतात. आकार का लावतो, असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो की त्या दिवशी कॅमेरावाला, लाइट आणि आमची बुकिंग तिन्ही अडकून पडतात.

गेल्या वर्षीचंच बघा. एका वहिनींची स्क्रिप्ट खरंच छान होती. पुठ्ठ्याच्या कमानीला त्यांनी चुन्याचा हात देऊन ठेवला होता, पांढऱ्यावर रंग उठून दिसावा म्हणून. निवेदनात वाक्य होतं, "आता बघा हळदीचा पिवळाधम्मक रंग." कॅमेरा सुरू झाला, कुंचला फिरला आणि पिवळ्याचा बघता बघता तांबडा झाला. मागं बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे तर कुंकूच केलंस की!" सगळे हसले, पण शूटिंग थांबलं.

यात हळद बनावट नव्हती. हळदीला चुना, साबण, सोडा असलं काही लागलं की ती लाल होते. साडीवरचा हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, तो याच कारणानं. जुन्या काळी हळदीचं कुंकू करायचे तेही याच गुणावर. म्हणून पिवळा हवा असेल तर खाली चुना नको, खडूची पूडही नको. मैद्याच्या पातळ खळीचा एक हात द्यायचा, तो पूर्ण वाळू द्यायचा आणि मग हळद. दोन चमचे मैदा वाटीभर पाण्यात गुठळी न होऊ देता शिजवला की खळ तयार. काही जण खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विषारी आहे, लहान मुलं आणि जनावरं असलेल्या घरात घालू नका. तीन दिवसांच्या मखराला त्याची गरजही नाही.

त्या वहिनींची स्क्रिप्ट आम्ही फेकली नाही. उलट तो लाल झालेला तुकडाच व्हिडिओत ठेवला. आधी चुन्यावरची हळद, शेजारी खळीवरची हळद, एकाच वेळी कुंचला फिरतोय. बघणाऱ्याला एका हळदीत दोन रंग मिळाले आणि "घरी करून बघू" असं वाटलं. निवेदनातल्या दहा वाक्यांनी हे झालं नसतं.

आता गेरूबद्दल, कारण सगळ्यात जास्त तोच वापरला जातो आणि सगळ्यात जास्त तक्रारही त्याचीच. नुसत्या पाण्यात कालवलेला गेरू दिसायला सुरेख, पण वाळल्यावर बोटाला लागतो. महालक्ष्मीच्या नव्या साडीला लागला म्हणजे त्या घरात पुन्हा कुणी गेरूचं नाव काढणार नाही. त्याला धरून ठेवायला डिंक लागतो. बाभळीचा डिंक कुटून दोन मोठे चमचे अर्ध्या वाटी पाण्यात रात्रभर भिजत घाला, सकाळी फडक्यानं गाळा. तीन चमचे गेरूला या पाण्याचा एक चमचा, आणि मग साधं पाणी घालत घालत धिरड्याच्या पिठाइतकं सैल करा. एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लावून पूर्ण वाळू द्या आणि कोरड्या बोटानं घासा. बोट लाल झालं तर डिंक कमी पडलाय. रंग चकाकतोय आणि पुठ्ठा वाकवल्यावर पापुद्रे सुटतायत तर डिंक जास्त झालाय. एवढी एक परीक्षा केली तरी निम्मी भांडणं मिटतात.

ओला गेरू गडद दिसतो, वाळल्यावर एक-दोन छटा फिका होतो. स्क्रिप्टमध्ये रंग लावतानाचं आणि वाळलेल्या मखराचं अशी दोन्ही दृश्यं असतील तर मधे किती वेळ गेला ते निवेदनात सांगा. नाहीतर बघणाऱ्याला वाटतं रंग उडाला, किंवा यांनी दुसराच रंग दाखवला.

पालक, बीट यांचे रंग मात्र आम्ही सुचवत नाही. पहिल्या दिवशी बीट गुलाबी दिसतं, उजेडात राहिलं की मातकट होतं. हळदही उन्हानं उडते, पण सावलीतल्या देवघरात आवाहन, पूजन, विसर्जन हे तीन दिवस आरामात निघतात. स्क्रिप्टमध्ये पटवून द्यायला आम्हाला हाच मुद्दा सगळ्यात सरळ वाटतो. महालक्ष्म्या तीन दिवसांच्या, तर मखराचा रंग दहा वर्षं कशाला टिकायला हवा? "वर्षानुवर्षं टिकतो" असं मात्र लिहू नका. टिकत नाही.

मखराच्या सांगाड्याला आपल्याकडं तुराट्या आणि कडबा यांच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही. येळवसेला शेतात कडब्याची कोपी करणाऱ्या आपल्या लोकांना हे शिकवायला नको. उभ्या बाजूंना तुराट्यांच्या जुड्या, सुतळीनं बांधलेल्या. पण तुराटी वाकत नाही, मोडते. कमानीला बांबूची कामटी घ्या. ज्वारीची धाटं वळवायची असतील तर पाणी शिंपडून रात्रभर ओल्या गोणपाटाखाली ठेवा. जुन्या तुराट्यांतून भुंग्यानं पाडलेला भुसा गळत असेल तर दोन दिवस कडक ऊन दाखवा, मगच घरात आणा. आणि हे सगळं पेटणारं आहे. निरांजन आणि समई मखरापासून हातभर पुढं, लाइटच्या माळेची जोडणी मखराच्या बाहेर. ही सूचना व्हिडिओत नसेल तर आम्ही व्हिडिओ पूर्ण करून देत नाही. इथं आमचा हट्ट आहे असंच समजा.

स्क्रिप्टचा सूर कसा असावा, हेही पुष्कळ जण विचारतात. सुरुवातीला मेलेले मासे, कचऱ्याचे ढीग आणि "आपण कधी सुधारणार?" असं नको. घरातली बाई दिवसभर सोळा भाज्यांच्या तयारीत असते, तिला रागावणारा व्हिडिओ ती पुढं सरकवते. तिचे प्रश्न साधे असतात: वेळ किती जाईल, डाग पडतील का, पाहुण्यांना बरं दिसेल का. त्यांची उत्तरं द्या. कायद्याचं एक वाक्य चालेल. राज्यानं 2018 मध्ये आणि केंद्रानं 1 जुलै 2022 पासून घातलेल्या बंदीत सजावटीचा थर्माकोलही आहे. पण "बाजारातला प्रत्येक रंग विषारी" असं लिहू नका. घराला लावायच्या विकतच्या रंगांत शिशाच्या प्रमाणावर कायद्याची मर्यादा आहे, आणि एखादा रंगवाला तुमचा व्हिडिओ बघून तुमच्याच दारात भांडायला येईल. तसंच, कमान फेविकॉलनं चिकटवलेली असताना "शंभर टक्के नैसर्गिक" म्हणू नका. "थर्माकोल आणि ऑइल पेंट टाळला" एवढं खरं आहे आणि पुरेसं आहे.

दीड मिनिटात सावकाश बोललं तर पावणेदोनशे शब्द बसतात, त्यापुढं नाही. नमुन्यासाठी सुरुवात अशी:

दृश्य: तयार मखर, महालक्ष्म्या उभ्या, फराळ मांडलेला.
आवाज: "हे मखर तुराट्यांचं आहे. थर्माकोल नाही, ऑइल पेंट नाही."

दृश्य: वहिनी वाळलेल्या गेरूवर पांढरा रुमाल घासतात. रुमाल पांढराच.
आवाज: "साडीला लागत नाही. डिंक घातलाय."

दृश्य: दोन तुकडे, दोन कुंचले. चुन्यावर हळद लाल, खळीवर पिवळी.
आवाज: "पिवळा हवा तर खाली खळ. लाल हवा तर चुना."

दृश्य: समई पुढं सरकवताना हात.
आवाज: "दिवा हातभर लांब. कडबा आहे हा."

दृश्य: विसर्जनानंतर सुतळी सोडून तुराट्यांची जुडी बांधतात.
आवाज: "जुडी माळ्यावर. कागद आणि खळ खतात."

यात पर्यावरण हा शब्द एकदाही आलेला नाही, तरी काय सांगायचं ते सांगून झालं. शेवटच्या दृश्यासाठी घरातलीच माणसं घ्या. आजी चालतील, आजींना कॅमेरा आवडतो.

उजेडाबद्दल थोडकं. पिवळ्या बल्बखाली हळद आणि पांढरी खळ एकसारखीच दिसतात. खिडकीजवळ, सकाळी दहाच्या आसपास घेतलेलं मोबाइलचं चित्रणसुद्धा चालतं. मोबाइल स्वतःहून रंग बदलत राहतो, म्हणून शूटिंगआधी व्हाइट बॅलन्स लॉक करा. जमत नसेल तर दुकानात या, पोरं दाखवून देतील, त्याचे पैसे नाहीत.

आमच्याकडं बुकिंग करताना आता आम्ही आधी तीन तुकडे मागतो: गेरूचा, हळदीचा आणि चुन्याचा, प्रत्येकी वहीच्या पानाएवढा पुठ्ठा, रात्रभर वाळलेला. आणायला जमत नसेल तर दिवसाच्या उजेडात फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, पण घासलेल्या बोटाचा फोटोही सोबत पाठवा. तुकडे बघूनच स्क्रिप्टचे शब्द पक्के करतो. हे आधी झालं तर एका सकाळीत शूटिंग उरकतं आणि दुसऱ्या दिवसाचा आकार पडत नाही. डिंक, गेरू आणि चुना कुठं मिळेल हे विचारू नका, गंजगोलाईत कुठल्याही जुन्या किराणा किंवा काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. घाई असलेल्यांसाठी आम्ही डिंकाचं गाळलेलं पाणी आणि कामट्यांची कमान तयार ठेवतो. पोळ्याच्या आत सांगितलं तर महालक्ष्म्यांच्या आधी नक्की मिळेल, पोळा झाल्यावर शब्द देत नाही.