आयडल टाइम, ओव्हरटाइम, सोडून गेलेले कामगार: कॉस्ट रेकॉर्डमध्ये खर्च कुठे टाकायचा?

आधी कॉस्ट रेकॉर्ड, म्हणजे उत्पादनखर्चाच्या नोंदी ठेवण्याचा नियम तुम्हाला लागू आहे का ते बघा. कंपनी कायद्याच्या कलम १४८ खालील २०१४ च्या नियमांनुसार, यादीतल्या वस्तू वा सेवा देणाऱ्या आणि मागील वर्षी एकूण उलाढाल ३५ कोटी रुपये किंवा जास्त असलेल्या कंपनीला सीआरए-१ या नमुन्याप्रमाणे कॉस्ट रेकॉर्ड ठेवावे लागतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना यातून सूट आहे.

आता समजा, एका कापड कंपनीच्या विणकाम खात्यात ५० कामगार आहेत. रोज ९६० रुपये, आठ तासांची पाळी, म्हणजे तासाला १२० रुपये. पाळीतला अर्धा तास चहा आणि मागाच्या तयारीत जातो. हा नेहमीचा आयडल टाइम, म्हणजे पगार देऊनही काम न होणारा वेळ असल्याने ९६० ला साडेसातने भागायचं. कापडावर लावायचा दर येतो १२८ रुपये.

याच महिन्यात ट्रान्सफॉर्मर जळून खातं दोन दिवस बंद राहिलं. कामगारांना बसवून दिलेला पगार ९६,००० रुपये. तो कापडाच्या खर्चात येत नाही. असाधारण, मोठा आणि मोजता येणारा खर्च उत्पादनखर्चाबाहेर ठेवून कॉस्टिंगच्या नफा-तोट्यात दाखवायचा.

ओव्हरटाइमलाच सगळ्यात जास्त चुका होतात. २०० तासांचे दुप्पट दराने ४८,००० दिले. त्यातले २४,००० ही साधी मजुरी, उरलेले २४,००० प्रीमियम. प्रीमियम कुठे जाईल हे ओव्हरटाइम का केला यावर ठरतं. एका ग्राहकाने घाई केली म्हणून केला असेल, तर त्याच्याच ऑर्डरवर. दिवाळीआधी सगळ्याच मालाचा जोर असेल तर ओव्हरहेडमध्ये, म्हणजे सगळ्या मालावर वाटल्या जाणाऱ्या खर्चात. बंद पडलेले दोन दिवस भरून काढायला केला असेल तर प्रीमियमही असाधारण. म्हणूनच ओव्हरटाइमच्या मंजुरी चिठ्ठीवर कारण त्याच दिवशी लिहून घ्या. मार्चअखेर आठवून भरलेलं कारण ब्रेकडाउन रजिस्टरशी जुळत नाही.

कामगार बदलत राहणारच, त्यांच्या भरती-प्रशिक्षणाचा खर्च ओव्हरहेडच. पण वर्षाला सरासरी ५ जण जात असताना यंदा अचानक ३० गेले आणि नव्या माणसामागे प्रशिक्षणाला ४,००० लागले, तर जादा २५ जणांचे १,००,००० रुपये असाधारण धरा. सरासरीसाठी मागच्या काही वर्षांची राजीनाम्यांची नोंद लागेल.

कागद म्हणाल तर हजेरीपट, पगारपत्रक, जॉब कार्ड, ब्रेकडाउन रजिस्टर, ओव्हरटाइम मंजुरी आणि प्रशिक्षणाची बिलं.

कॉस्ट ऑडिटची उलाढालीची मर्यादा वेगळी आणि वरची आहे. ते लागू असल्यास वर्ष सुरू झाल्यापासून १८० दिवसांत ऑडिटर नेमायचा, आणि नेमणुकीच्या बोर्ड मीटिंगपासून ३० दिवस किंवा हे १८० दिवस, यातलं जे आधी संपेल त्याच्या आत नेमणुकीचा फॉर्म सीआरए-२ भरायचा. ऑडिटर वर्षअखेरीपासून १८० दिवसांत सीआरए-३ अहवाल संचालक मंडळाला देतो. तो मिळाल्यावर ३० दिवसांत कंपनीने सीआरए-४ दाखल करायचा. अहवालात कॉस्टिंगचा आणि हिशेबाचा नफा जुळवून दाखवावा लागतो, आणि बाजूला काढलेले असाधारण खर्च तिथे दिसतात. रजिस्टरमध्ये दोन दिवस बंद आणि जुळवणीत असाधारण खर्च शून्य असेल, तर ऑडिटरचा पहिला प्रश्न तोच असतो.