‘यात तू पूर्वीच हरला आहेस’: रेस ज्युडिकेटाची पार्श्वभूमी

रेस ज्युडिकेटा हे शब्द लॅटिन आहेत, पण एकदा निकाल लागलेला वाद पुन्हा कोर्टात आणता येत नाही, हा त्यामागचा नियम आपल्याकडे इंग्रजांच्या आधीपासून होता. धर्मशास्त्रात फिर्यादीला प्रतिवादी चार प्रकारे उत्तर देऊ शकत असे. त्यांतले एक म्हणजे ‘प्राङ्न्याय’. हरलेला माणूस तोच दावा घेऊन परत आला, तर ‘यात तू पूर्वीच हरला आहेस’ एवढे सांगितले की पुरे. स्मृतिकार कात्यायनाचे हे वचन मिताक्षरा या जुन्या टीकाग्रंथात आले आहे. 1916 साली प्रिव्ही कौन्सिलमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वात वरच्या अपील कोर्टात, सर लॉरेन्स जेन्किन्स यांनी ते आपल्या निकालपत्रात घेतले. जेन्किन्स आधी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते.

तोवर हा नियम कायद्यात उतरलाच होता. 1859 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत तो दुसऱ्या कलमात होता, 1908 च्या संहितेत तो कलम 11 झाला. वाद तोच, पक्षकार (किंवा त्यांचे वारस) तेच, आधीचे कोर्ट तो चालवायला सक्षम आणि मुद्द्यावर सुनावणी होऊन अंतिम निकाल, हे सगळे जुळले की दार बंद. पहिल्या दाव्यात जो मुद्दा मांडता आला असता आणि मांडायलाच हवा होता, तोही मागाहून काढता येत नाही. निकाल चुकला होता, ही सबब एरवी चालत नाही.

एरवी, कारण बोरिवली तालुक्यातल्या पहाडी गावच्या एका भूखंडाची गोष्ट वेगळी झाली. भाडेकरूने मोकळी जमीन भाडेपट्ट्याने घेऊन तिच्यावर इमारती बांधल्या आणि 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याखाली जमिनीचे प्रमाणित भाडे ठरवून मागितले. बांधकामासाठी दिलेल्या मोकळ्या जमिनीला हा कायदा लागूच नाही, म्हणून बोरिवलीच्या दिवाणी न्यायाधीशाने अर्ज फेटाळला. 1955 मध्ये उच्च न्यायालयानेही तेच कायम केले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका प्रकरणात उच्च न्यायालय म्हणाले, जमीन मोकळी आहे एवढ्यावरून ती कायद्याबाहेर जात नाही. भाडेकरूने मुंबईच्या लघुवाद न्यायालयात नवा अर्ज केला. तिथे प्राङ्न्याय आडवा आला, उच्च न्यायालयातही.

1970 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अडसर काढला. न्या. जे. सी. शहा यांनी लिहिले की त्या पक्षकारांमधल्या तथ्यांचा निर्णय चुकला तरी त्यांना बांधतो. पण कोर्टाला अधिकार आहे की नाही हा निव्वळ कायद्याचा प्रश्न चुकीचा सुटला, तर ती चूक त्या दोघांपुरता कायदा होऊन बसू शकत नाही. नाहीतर शेजारच्या प्लॉटवाल्याला कायद्याचे संरक्षण आणि याला कायमचे नाही, असे झाले असते.

मात्र हा अपवाद अरुंद आहे. ‘नंतर वरच्या कोर्टाने वेगळे मत दिले’ एवढ्यावर जुना दावा पुन्हा उभा राहत नाही. त्याच कारणावरून आणलेल्या दाव्यात कायद्याच्या मुद्द्यावरचा जुना निर्णयही सहसा आडवा येतोच. आधीचा अर्ज गुणदोषांत न शिरता, म्हणजे निव्वळ तांत्रिक कारणाने निकाली निघाला असेल, तर मात्र प्राङ्न्यायाचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून वकील आधी जुन्या निकालपत्राची नक्कल मागतात.