क्वोरम सेन्सिंग: नाव आलं १९९४ मध्ये, गोष्ट सुरू झाली त्याच्या खूप आधी

सोसायटीच्या मीटिंगला लोक कमी आले की कोरम नाही म्हणून मीटिंग तहकूब होते, हे आपल्याला माहितीच आहे. बॅक्टेरियाही काही कामं पुरेशी गर्दी जमल्यावरच सुरू करतात, आणि त्याला क्वोरम सेन्सिंग म्हणतात. त्यांच्या बाबतीत हा शब्द १९९४ च्या एका रिव्ह्यू पेपरमध्ये आला, फुक्वा, विनन्स आणि ग्रीनबर्ग या तिघांच्या. विनन्स यांच्या नात्यातल्या एका वकिलाने तो सुचवला असं सांगतात. पण ज्या गोष्टीला हे नाव दिलं ती लॅबमध्ये त्याआधी २५ एक वर्षं माहीत होती, आणि माझ्या मते खरी मजा त्या वर्षांतच आहे.

समुद्रात काही बॅक्टेरिया स्वतः उजेड देतात. १९६० च्या दशकात हे फ्लास्कमध्ये वाढवणाऱ्यांना एक गोष्ट खटकत होती, ताज्या मीडियममध्ये, म्हणजे त्यांना वाढवायच्या पोषक द्रवात, थोडे बॅक्टेरिया टाकले की ते लगेच दुपटीने वाढायला लागायचे पण उजेड काही तास जागचा हलायचा नाही, आणि मग एकदम वाढायचा, इतका की पेशींच्या वाढीपेक्षा कितीतरी जास्त वेगाने. १९६८ मध्ये केम्पनर आणि हॅन्सन म्हणाले की ताज्या मीडियममध्येच उजेड अडवणारं काहीतरी असणार, बॅक्टेरिया ते हळूहळू संपवतात आणि मग उजेड सुरू होतो. पटण्यासारखंच होतं हे.

१९७० मध्ये हार्वर्डला हेस्टिंग्ज यांच्या लॅबमध्ये नील्सन आणि प्लॅट यांनी वेगळं उत्तर दिलं. दाट झालेल्या कल्चरमधून पेशी काढून टाकल्या आणि उरलेलं पाणी नव्या, विरळ कल्चरला दिलं, तर त्याने वेळेआधीच उजेड द्यायला सुरुवात केली! म्हणजे पेशी स्वतःच काहीतरी बाहेर सोडतात, ते साठतं आणि पुरेसं साठलं की उजेडाचं एन्झाइम, ल्युसिफरेज, बनायला लागतं. त्याआधी ते एन्झाइम जवळपास बनतच नसतं. याला त्यांनी ऑटोइंडक्शन म्हटलं. पण वापरलेलं पाणी दिल्यावर उजेड आला यावरून दोन्ही अर्थ निघू शकतात ना, अडवणारं गेलं किंवा चालू करणारं आलं. १९७२ मध्ये एबरहार्ड यांनी हे सोडवलं, दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या, फक्त मीडियममधला अडथळा इतर जातीचे बॅक्टेरियासुद्धा काढू शकत होते, चालू करणारा पदार्थ मात्र त्या-त्या जातीचाच लागत होता. कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा प्रयोग, नीट निवडला की वाद कसा मिटतो याचं हे मला फार आवडणारं उदाहरण आहे.

तो पदार्थ नक्की काय हे कळायला १९८१ उजाडलं. एबरहार्ड आणि सहकाऱ्यांनी व्हिब्रिओ फिशरी या उजेड देणाऱ्या जातीचा सिग्नल, म्हणजे तोच चालू करणारा पदार्थ, शुद्ध केला, एक लॅक्टोनची रिंग आणि तिला सहा कार्बनची शेपटी, बस. इतका छोटा मॉलेक्यूल पेशीच्या आवरणातून सहज आत-बाहेर जातो, १९८५ मध्ये कॅप्लन आणि ग्रीनबर्ग यांनी ते दाखवलंही. १९८३ मध्ये एन्जेब्रेख्ट, नील्सन आणि सिल्व्हरमन यांनी त्याच जातीच्या डीएनएचा सुमारे ९ हजार बेसचा तुकडा ई. कोलाय या एरवी न चमकणाऱ्या बॅक्टेरियात घातला आणि तेही चमकायला लागले, पण दाट झाल्यावरच. त्या तुकड्यातला लक्सआय नावाचा जीन सिग्नल बनवतो, लक्सआर तो पकडून उजेडाचे जीन चालू करतो, आणि त्याच जीनच्या रांगेत लक्सआय बसलेला असल्यामुळे एकदा सुरू झालं की सिग्नल अजूनच वाढतो. म्हणूनच उजेड हळूहळू न येता एकदम येतो.

निसर्गात ही गर्दी कुठे होते? हवाईच्या बॉबटेल स्क्विडच्या पोटाकडच्या एका छोट्या अवयवात. उघड्या समुद्रात हे बॅक्टेरिया एका मिलीलिटरला फार तर काहीशे, तिथे सिग्नल सोडला तरी वाहून जातो, आणि त्या अवयवात तेच १० अब्ज किंवा त्याहून जास्त. रोज पहाटे स्क्विड त्यातले ९५ टक्के बाहेर फेकतो, उरलेले दिवसभरात परत वाढतात आणि रात्री पुन्हा उजेड.

मात्र कोरम या नावाने एक गैरसमज होतो, की बॅक्टेरिया डोकी मोजतात. ते मोजतात सिग्नलचं कॉन्सन्ट्रेशन, आणि ते जागेवरही अवलंबून असतं. सिग्नल किती वेगाने पसरून जातो हेच पेशी तपासत असेल, असं रोझमेरी रेडफील्ड यांनी २००२ मध्ये मांडलं. मग २००९ मध्ये इस्मागिलोव्ह यांच्या गटाने दुसऱ्याच जातीचे, सुडोमोनास एरुजिनोसाचे, एक ते तीन बॅक्टेरिया सुमारे १०० फेम्टोलिटरच्या थेंबात कोंडले. हिशोब करून बघा, एवढ्याशा थेंबात एक पेशी म्हणजे मिलीलिटरला १० अब्ज, म्हणजे स्क्विडच्या अवयवाइतकी दाटी! आणि त्या थेंबांमध्ये क्वोरम सेन्सिंग सुरू झालंही, सगळ्यांत नाही, काही पेशी तशाच राहिल्या.