तिसरी फ्रिंज दिसत नाही? स्लाइड परत पाठवण्याआधी हे वाचा

आमची ०.०८ मिमी स्लिट-रुंदी आणि ०.२४ मिमी अंतराची डबल स्लिट स्लाइड घेतलेल्या प्रयोगशाळांकडून एकच तक्रार वारंवार येते: मधल्या फ्रिंजपासून दोन्हीकडे तिसरी फ्रिंज येत नाही, स्लाइड बदलून द्या. स्लाइडमध्ये दोष नसतो. ती फ्रिंज तिथे यायलाच नको.

६५० नॅनोमीटरचा लाल लेसर आणि २ मीटरवर पडदा धरा. दोन स्लिटमधल्या व्यतिकरणामुळे दर ५.४ मिमीवर एक फ्रिंज येते, म्हणजे तिसरीची जागा १६.२५ मिमीवर. पण प्रत्येक स्लिट स्वतःही विवर्तन करते आणि तिचा पहिला काळोख बरोबर १६.२५ मिमीवरच पडतो. दोन्ही स्लिटमधून त्या दिशेला प्रकाशच जात नसेल, तर फ्रिंज बनणार कशाची? अंतर रुंदीच्या तिप्पट असले की तिसरी, सहावी, नववी ऑर्डर अशीच गळते. खात्री हवी असेल तर एक स्लिट झाका: त्याच जागी काळोख राहील.

खरा घोटाळा मोजणीत होतो आणि त्यात प्रॅक्टिकलचा सगळा तास जातो. विद्यार्थी एक, दोन अशा फ्रिंज मोजतात आणि मोकळ्या जागेपलीकडच्या फ्रिंजला तीन म्हणतात. ती चौथी असते, २१.७ मिमीवरची. २१.७ ला ३ ने भागले की तरंगलांबी ८६७ नॅनोमीटरच्या आसपास निघते. ती अवरक्त झाली, आणि लेसर तर डोळ्यांना लाल दिसतोय! असे उत्तर आले तर लेसरला दोष देऊ नका, मोजणी तपासा. चौथी फ्रिंज मधलीच्या जेमतेम ४ टक्के तेजाची असते, म्हणून खोलीत अंधार हवाच. अगदी काळ्या खोलीत गळालेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना पुसट उजेड जाणवतो, त्यालाही फ्रिंज म्हणून मोजू नका.

आणखी एक: आमच्या लेबलवरचे अंतर एका स्लिटच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचे आहे. मधली अपारदर्शक पट्टी ०.१६ मिमीची आहे. तीच अंतर म्हणून धरली तर गुणोत्तर दोन येते आणि मग दुसरी ऑर्डर का गळत नाही असे फोन येतात.

पूर्ण पट आम्ही मुद्दाम ठेवतो, कारण विवर्तन आणि व्यतिकरण एकाच पडद्यावर इतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. फक्त तरंगलांबी काढायची असेल, तर आमची ०.२८ मिमी अंतराची स्लाइड घ्या. तिचे गुणोत्तर साडेतीन असल्याने सहाव्या ऑर्डरपर्यंत एकही गळत नाही. तिसरीपासून पुढे फ्रिंज फिकट असतात, पण मोजता येतात. मागणी नोंदवताना प्रयोग कोणता ते कळवा, त्याप्रमाणे स्लाइड पाठवू.