अवघड जागेची नावं: झाकणाऱ्या शब्दांचा इतिहास

‘अवघड जागेचं दुखणं’ म्हटलं की जागा नेमकी कोणती, हे सभ्य माणूस विचारत नाही. डॉक्टरला मात्र विचारावंच लागतं, आणि उत्तर द्यायला पुष्कळांकडे शब्दच नसतो. शब्द नाहीत असं नाही. शिवीतला एक असतो, बाळबोलीतला एक असतो, पुस्तकातला एक असतो. चारचौघांत सरळ तोंडाने म्हणता येईल असा तेवढा सापडत नाही.

ही अडचण फार जुनी आहे. रोमन वक्ता सिसेरो याने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात पीटस नावाच्या मित्राला याच विषयावर एक पत्र लिहिलं. ‘पेनिस’चा जुना अर्थ शेपूट, पण आता तो शब्द अश्लील झाला आहे, असं त्यात तो सांगतो. म्हणजे कधीतरी कुणीतरी आडून बोलायला ‘शेपूट’ म्हटलं, आणि हळूहळू लाज त्या आडपडद्यालाच चिकटली. पुढे तोच शब्द वैद्यकाने उचलला आणि आज तो सर्वांत कोरडा, दवाखान्यातला शब्द मानला जातो. ‘व्हजायना’ म्हणजे मुळात म्यान. आपल्याकडे लिंग म्हणजे खूण आणि योनी म्हणजे उगमस्थान. झाकायला आणलेला शब्द काही काळाने उघडा पडतो आणि मग नवा शोधावा लागतो, हे चक्र थांबत नाही.

वैद्यकाची भाषाही यातून सुटली नाही. स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियासाठी शरीररचनाशास्त्रात ‘पुडेंडम’ हा लॅटिन शब्द रूढ होता. त्याचा अर्थ, जिची लाज वाटावी अशी गोष्ट. आंतरराष्ट्रीय शब्दसूचीच्या 2019 च्या आवृत्तीत तो काढून ‘व्हल्व्हा’ ठेवला गेला. पण त्या भागातल्या नसेच्या नावात ती लाज अजून आहेच. तिला आजही ‘पुडेंडल’ नस म्हणतात.

मराठीत झाकायचं काम ‘अंग’ या शब्दावर पडलं. अंगावरून जातं, अंगावर पांढरं जातं, अंग बाहेर येतं. पहिल्यात रक्तस्राव, दुसऱ्यात पांढरा स्राव, तिसऱ्यात गर्भाशय खाली सरकलेलं. बाई ‘अंगाचा त्रास आहे’ एवढंच सांगून गप्प बसली, तर यातलं काय हे तिला पुन्हा पुन्हा विचारून काढावं लागतं, आणि प्रत्येक प्रश्नाला ती आणखी संकोचते. मोठ्या बाईला निदान प्रश्न तरी कळतो.

मुलाचं तसं नसतं. समजा, तेरा वर्षांचा मुलगा पहाटे दुखण्याने जागा झाला. एका बाजूचं वृषण आपल्या नळीभोवती पिळलं गेलंय आणि त्याचा रक्तपुरवठा तुटलाय. लहानपणचा ‘नुन्नी’ हा शब्द आता त्याला म्हणवत नाही, आणि तो वृषणाचा शब्दही नव्हे. मित्रांमधला शब्द आईसमोर काढता येत नाही. तो म्हणतो, “पोटात दुखतंय.” हे अगदी खोटंही नसतं. वृषणं गर्भात पोटात तयार होऊन खाली उतरतात आणि त्यांच्या नसा तिथूनच येतात, म्हणून कळ खरोखरच ओटीपोटात जाते. त्यात उलटी झाली की घरचे अपचन समजून दुपारपर्यंत वाट पाहतात. इथे हिशेब तासांचा असतो. साधारण 6 तासांत शस्त्रक्रिया झाली तर वृषण बहुतेक वेळा वाचतं. 24 तास उलटले तर क्वचितच. एक बाजू सुजलेली, वर ओढली गेलेली, आडवी दिसते. पण दिसायला चड्डी उतरवावी लागते, आणि ती उतरवायचं कारण त्या मुलाच्या वाक्यातच नसतं. ‘वृषण’ हा शब्द त्याला आठव्या वर्षी गुडघा-कोपरासारखा सहज मिळाला असता, तर त्या पहाटे तो वापरणं त्याला एवढं जड गेलं नसतं.

मुलींच्या बाबतीत ‘शूची जागा’ यात मूत्रमार्ग, योनीमार्ग आणि बाहेरची त्वचा तिन्ही येतात. साबणाने बाहेर झोंबतंय की लघवी होताना आत जळजळ होतेय, हे त्या एका नावातून कळत नाही.

लैंगिक अत्याचाराच्या तपासात हीच गोष्ट सर्वांत जड जाते. मुलाची मुलाखत घेणाऱ्याने शब्द स्वतः पुरवायचा नसतो, नाहीतर उत्तर पढवल्याचा संशय येतो. म्हणून तो आधी विचारतो, “तुझ्या घरी याला काय म्हणतात?” घरात त्या जागेचं नाव फुलाचं किंवा खाऊचं असेल, तर “काकांनी माझ्या फुलाला हात लावला” हे वाक्य शाळेत शिक्षकांच्या कानावरून तसंच निघून जातं. मूल सांगून मोकळं झालेलं असतं आणि कुणाला काही कळलेलं नसतं. नेमका शब्द ठाऊक असल्याने अत्याचार टळतोच असं नाही. पण पहिल्यांदा सांगितलेलं पहिल्यांदाच समजतं.

लाडाचं नाव घरातून हद्दपार करायला हवं, असं मला वाटत नाही. दोन वर्षांच्या बाळाला अंघोळ घालताना ‘नुन्नी’ म्हणावं, आणि त्याच अंघोळीत ‘याला शिश्न म्हणतात, मागच्या या वृषणाच्या गोळ्या’ हेही सांगावं. नाक-कान दाखवतो त्याच आवाजात, न थांबता.